रक्त गोठायला वेळ लागतो, मग गुठळीची भीती कशाला?

वाचकाचं पत्र

मी २९ वर्षांची, तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. लग्नाला सहा वर्षं झाली. तीनदा दिवस राहिले. पहिल्या दोन्ही वेळा सात-आठ आठवड्यांतच गेलं. तिसऱ्या वेळी सगळं नीट चाललं होतं, पण गेल्या श्रावणात सोळाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके लागले नाहीत. पिशवी मोकळी करायच्या आधी रक्त तपासलं तर एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ५८ सेकंद आला, नॉर्मल ३५ पर्यंत असतो म्हणाले. रक्त गोठत नाही म्हणून व्हिटॅमिन केची इंजेक्शनं दिली, प्लाझ्माच्या दोन पिशव्या चढवल्या. तरी रिपोर्ट ५५ चा. नंतर मिरजेतल्या मॅडमनी ल्युपस अँटिकोॲग्युलंटची तपासणी करायला लावली, ती पॉझिटिव्ह आली. पुढच्या वेळी ॲस्पिरिन आणि रोज पोटात हेपारिनचं इंजेक्शन घ्यायचं, असं त्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, हिचं रक्त मुळात पातळ, त्यात आणखी पातळ करायचं? मिस्टर गप्प आहेत. मला कधी जास्त रक्त गेलेलं नाही. पण पहिल्या वेळी गुप्तरोगाची व्हीडीआरएल तपासणी पॉझिटिव्ह आली होती, त्यावरून घरात फार बोलणी झाली. मला ल्युपस झालाय का? इंजेक्शन घेऊ की नको?

उत्तर

ताई, सोळा आठवड्यांचं बाळ गेल्यावर इतकं नीट, तारीखवार लिहून पाठवणं सोपं नाही. तुम्ही आकडे लिहिलेत म्हणून मला नेमकं उत्तर देता येतं आहे. तपासणी पुन्हा केल्यावरही पॉझिटिव्ह आली, तर इंजेक्शनं घ्या. मात्र ‘पुन्हा केल्यावरही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, त्याकडे मी येतेच.

आधी सासूबाईंची शंका. ती अडाणीपणाची मुळीच नाही, कारण कागदावर जे लिहिलंय त्याचा सरळ अर्थ तोच निघतो. मलाही कुणी फक्त तो ५८ चा आकडा दाखवला असता, तर मीही आधी रक्तस्रावाचाच विचार केला असता. ज्यांनी तुम्हाला प्लाझ्मा दिला, त्यांच्यासमोर पिशवी मोकळी करायची घाई होती आणि त्या घाईत सावध बाजू धरण्यात गैर काही नव्हतं. पण तो आकडा काचेच्या नळीतला आहे. तुमच्या शिरांमध्ये काय चालतं ते त्यावरून कळत नाही. तुमच्या आजारात तर नळी आणि शरीर नेमकं एकमेकांच्या उलट वागतात.

एपीटीटी करताना रक्तातला पातळ पिवळसर भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा काढतात. त्यात फॉस्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ आणि गोठण्याची क्रिया सुरू करून देणारं एक रसायन घालतात. मग कॅल्शियम घालून गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. रक्त गोठवणारी प्रथिनं प्लाझ्मात नुसती तरंगत राहिली तर काम फार हळू होतं. त्यांना एकमेकांशेजारी बसायला जागा लागते आणि फॉस्फोलिपिड ती जागा पुरवतं. तुमच्या तासगावच्या बेदाणा शेडचंच घ्या. द्राक्षं कितीही चांगली असली तरी पसरायला जाळीचे रॅक हवेत. कुणी निम्मे रॅक अडवून बसलं, तर माल वाळायला उशीर होणारच, आणि त्यात द्राक्षांचा दोष काही नाही. तुमच्या रक्तात अशा अँटिबॉडी आहेत, ज्या फॉस्फोलिपिडवर बसलेल्या प्रथिनांना चिकटतात आणि ती जागा अडवतात. नळीत रॅक मोजकेच असतात, म्हणून ५८ सेकंद लागतात. तुमची गोठवणारी प्रथिनं शाबूत आहेत.

हे नुसतं माझं म्हणणं नाही, प्रयोगशाळेत ते दाखवून देता येतं. तुमचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळतात. तुमच्यात एखादं प्रथिन कमी असेल, तर निरोगी प्लाझ्मा ते भरून काढतो आणि वेळ ३५-३६ सेकंदांवर येतो. अडवणारी अँटिबॉडी असेल तर ती निरोगी प्लाझ्माच्याही आड येते आणि वेळ ५० च्या आसपासच राहतो. दोन पिशव्या चढवूनही तुमचा आकडा जेमतेम तीन सेकंदांनी खाली आला, तो याचाच इशारा होता. पुरावा नव्हे, पण इशारा नक्की. आणि व्हिटॅमिन के कमी असतं तर पीटी नावाची दुसरी तपासणी आधी बिघडली असती.

यानंतरची तपासणी म्हणजे डीआरव्हीव्हीटी. तिच्यात घोणस सापाचं विष अगदी सौम्य करून वापरतात, कारण ते विष गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चालना देतं. एकदा कमी फॉस्फोलिपिड घालून वेळ मोजतात, एकदा भरपूर घालून. समजा पहिल्यांदा ६८ सेकंद आले आणि दुसऱ्यांदा ३८. म्हणजे जास्तीचे रॅक दिल्याबरोबर काम सुरळीत झालं. दोन्हींचं गुणोत्तर साधारण १.२ च्या वर गेलं तर ल्युपस अँटिकोॲग्युलंट आहे असं धरतात. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी वेगळी असते. तुमच्या रिपोर्टवर हे दोन्ही आकडे आणि गुणोत्तर आहे का ते बघा. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून दिलं असेल तर आकड्यांसकट प्रत मागून घ्या.

आता शरीरात काय होतं ते सांगते. शिरांच्या आतल्या अस्तरावर, प्लेटलेटवर आणि वारेच्या पेशींवर बीटा-टू ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन बसतं. या अँटिबॉडी तिथे त्याला पकडतात आणि त्या पेशी चेततात. चेतलेलं अस्तर आणि चेतलेल्या प्लेटलेट गुठळी व्हायला मदत करतात. नळीत अस्तरही नसतं आणि प्लेटलेटही मुद्दाम काढून टाकलेल्या असतात, म्हणून ही बाजू तिथे दिसतच नाही. वारेत नुसत्या गुठळ्याच होतात असंही नाही. वार गर्भाशयात नीट रुजत नाही आणि तिथे दाह सुरू होतो. म्हणून गेलेल्या गर्भाची वार तपासली तर दर वेळी गुठळी सापडेलच असं नाही. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी या अँटिबॉडी, गुठळ्या आणि वारंवार होणारे गर्भपात यांचा संबंध एकत्र मांडला. आज त्याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात एपीएस.

ल्युपसबद्दल: ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. ही अँटिबॉडी १९५२ मध्ये पहिल्यांदा ल्युपसच्या रुग्णांमध्ये दिसली, म्हणून ते नाव पडलं. ती असलेल्या बऱ्याच जणांना ल्युपस नसतो. तरी एएनए ही रक्ततपासणी आणि लघवीतलं प्रोटीन एकदा बघून घ्या. सांधे सुजणं, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे येणं, तोंडात वारंवार फोड येणं असं काही असेल तर तेही मॅडमना सांगा.

व्हीडीआरएलबद्दल मात्र मला तुमच्या घरच्या सगळ्यांशी बोलायचं आहे. त्या तपासणीचं द्रावण कार्डिओलिपिनपासून बनवतात आणि कार्डिओलिपिन हेही एक फॉस्फोलिपिडच आहे. तुमच्या अँटिबॉडी त्यालाही चिकटू शकतात. मग गुप्तरोगाचा जंतू अंगात नसतानाही व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येतं. खात्री करायला टीपीएचए ही त्या जंतूची नेमकी तपासणी असते. ती निगेटिव्ह आली, तर तुमच्या चारित्र्यावरून किंवा मिस्टरांवरून झालेली सगळी बोलणी निराधार ठरतात. आणि तो रिपोर्ट उलट तुमच्या आजाराची पहिली खूण होता. टीपीएचए केली नसेल तर ती दोघांचीही करून घ्या आणि रिपोर्ट सासूबाईंच्या हातात द्या. तेव्हाच कुणी या दोन गोष्टी जोडून पाहिल्या असत्या तर, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

सासूबाईंची भीती खरी ठरेल असे थोडे प्रसंग आहेत, तेही सांगायला हवेत. एपीटीटीबरोबर पीटीसुद्धा लांबलेला असेल, प्लेटलेट फार कमी, म्हणजे ५० हजारांच्या खाली असतील, किंवा हिरड्यांतून, पाळीत वा जखमेतून रक्त थांबत नसेल, तर गोष्ट वेगळी. या अँटिबॉडीमुळे कधी कधी प्रोथ्रॉम्बिन हा घटक कमी होतो. कधी अडवणारी अँटिबॉडी दुसऱ्याच जातीची, आठव्या घटकाविरुद्धची निघते आणि त्या रुग्णांना खरोखर रक्तस्राव होतो. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी पीटी आणि प्लेटलेटचे आकडे बघतातच. एपीएसमध्ये प्लेटलेट लाख-सव्वा लाखापर्यंत उतरलेल्या अनेकदा दिसतात. तेवढ्यावरून हेपारिन नाकारत नाहीत. तुम्हाला आजवर जास्त रक्त गेलेलं नाही, ही या सगळ्यात सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

आता पुन्हा तपासणीबद्दल. एखाद्या तापानंतर किंवा काही औषधांमुळे या अँटिबॉडी काही आठवडे दिसतात आणि निघून जातात. म्हणून पहिल्या पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा पॉझिटिव्ह आल्याशिवाय एपीएसचं निदान पक्कं करत नाहीत. पहिल्या रिपोर्टवरची तारीख बघून दिवस मोजा. सोबत अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या दोन तपासण्या करा, दोन्हींच्या आयजीजी आणि आयजीएम. तिन्ही प्रकार पॉझिटिव्ह असतील तर धोका जास्त असतो आणि डॉक्टर जास्त बारकाईने लक्ष ठेवतात. तोवर दिवस राहू देऊ नका, निरोध वापरा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र नकोत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

ही तपासणी चुकते ती बहुतेक वेळा यंत्रात नाही, तर त्याआधी. रक्त फिकट निळ्या टोपीच्या नळीत, खुणेपर्यंत पुरेपूर भरावं लागतं. मग ते दोनदा फिरवून प्लेटलेट जवळजवळ पूर्ण काढाव्या लागतात, कारण उरलेल्या प्लेटलेट स्वतःच फॉस्फोलिपिड पुरवतात आणि असलेली अँटिबॉडी झाकून टाकतात. हे सगळं साधारण चार तासांत व्हायला हवं, नाहीतर प्लाझ्मा वेगळा करून गोठवून पाठवायला हवा. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त देऊन नळी तशीच रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला गेली, तर त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवणार नाही. सांगली-मिरजेत जाऊन जिथे दोनदा फिरवून गोठवतात, तिथेच रक्त द्या. आधी फोन करून तसं विचारा, यात संकोच कसला? हेपारिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी औषधं सुरू असताना रिपोर्ट गोंधळतो, ताप किंवा मोठा संसर्ग असतानाही. बऱ्या असताना, औषध सुरू होण्याआधी आणि पोटात गर्भ नसताना तपासणी करणं उत्तम.

तुम्ही तिन्ही वेळचं नुकसान एकाच धाग्यात ओवलं आहे. त्याबद्दल मला थोडं थांबवावंसं वाटतं. पहिल्या तिमाहीत जाणाऱ्या साधारण निम्म्या गर्भांमध्ये गुणसूत्रांचाच दोष असतो. पहिली दोन तशी गेली असतील, हे नाकारता येत नाही. सोळाव्या आठवड्याचं वेगळं. दहा आठवड्यांनंतर, घडण नीट असलेला एक जरी गर्भ गेला तरी एपीएसच्या नियमांत तो मोजला जातो. तेव्हाची सोनोग्राफी आणि बाळाची किंवा वारेची काही तपासणी झाली असेल तर ते कागद शोधून काढा. थायरॉईड, साखर, गर्भाशयाची रचना आणि तुम्हा दोघांची गुणसूत्रं हेही एकदा बघून घ्या. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही.

दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली तर पुढचा क्रम साधारण असा असतो. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम रोज एक, दिवस राहण्याचा प्रयत्न सुरू करताना किंवा दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर. हेपारिन दिवस राहिल्याचं पक्कं झाल्यावर लगेच. बहुतेक ठिकाणी एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा देतात, वजन जास्त असेल तर मात्रा बदलते. तुम्हाला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असती तर मात्रा बरीच मोठी लागली असती, तसं काही झालं असेल तर लपवू नका. हेपारिनचा रेणू मोठा असतो, तो वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. बाळाचं रक्त पातळ होत नाही, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. वॉरफेरिनच्या गोळ्या बाळापर्यंत जातात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत इजा करतात, म्हणून सोय म्हणून इंजेक्शनाऐवजी त्या मागू नका.

किती फरक पडतो? लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये अशा ९० स्त्रियांचा अभ्यास छापला. नुसत्या ॲस्पिरिनवर १०० पैकी ४२ जणींना जिवंत बाळ झालं, हेपारिनही दिलं त्यांच्यात ७१ जणींना. २००२ मध्ये लिव्हरपूलच्या अभ्यासात मात्र दोन्ही गटांतला फरक किरकोळ निघाला. दोन्ही ठिकाणी नुसत्या ॲस्पिरिनवरच्या स्त्रियांचे आकडे इतके वेगळे आले, यावरून सगळ्यांना सारखाच फायदा होतो असं मला म्हणवत नाही. तरी तुमच्यासारख्या उशिरा गर्भ गेलेल्या बाईला मी दोन्ही घ्यायलाच सांगेन.

दिवस राहिल्यापासून बाळंतपणानंतरच्या सहाव्या आठवड्यापर्यंत धरलं तर पावणेतीनशेच्या आसपास इंजेक्शनं होतात. रोज तालुक्याला जाणं जमणार नाही, म्हणून घरीच टोचायला शिकावं लागेल. बेंबीपासून दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, कातडीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत, आणि नंतर चोळायचं नाही. निळा डाग पडतो, त्याला घाबरू नका. मिस्टरांनी टोचायला शिकून घेतलं तर फार बरं. गप्प बसलेल्या माणसाच्या हाती असं एखादं रोजचं काम आलं की तो बोलू लागतो, असं मी पाहिलं आहे. खर्चाचं आधीच बोलून घ्या. एनॉक्सापॅरिन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी रुग्णालयात ते मिळतं का, जनऔषधी दुकानात कोणत्या भावाने आहे, ते दिवस राहण्याआधीच विचारा.

बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दर खेपेला बघायला हवं. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर आणि २८ आठवड्यांनंतर दर तीन-चार आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. एकच पाय सुजून दुखू लागला, दम लागला, छातीत दुखलं किंवा डोकं दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळ्यांत मोठी चूक मला दिसते ती पुढे, एखाद्या रात्री. तुम्हाला ओळखत नसलेले डॉक्टर एपीटीटी बघतात, हेपारिन बंद करतात आणि प्लाझ्मा मागवतात. हे टाळायला मॅडमकडून त्यांच्या लेटरहेडवर सहीनिशी इतकं लिहून घ्या: ‘ल्युपस अँटिकोॲग्युलंटमुळे हिचा एपीटीटी मुळातच ५८ सेकंद आहे. रक्तस्रावाचा दोष नाही. केवळ एपीटीटी बघून हेपारिन थांबवू नये, व्हिटॅमिन के किंवा प्लाझ्मा देऊ नये. हेपारिनची पातळी मोजायची झाल्यास अँटि-टेन-ए तपासणी करावी.’ याच्या दोन प्रती काढा, एक फाइलमध्ये ठेवा, एक पाकिटात. मोबाइलमध्ये फोटोही.

बाळंतपणाला माहेरी जायची आपल्याकडे रीत आहे. तुमचं माहेर आडबाजूला असेल तर या खेपेला आईला सांगलीत बोलवा, बाळ झाल्यावर माहेरी जा. भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा विभाग एकाच छताखाली असेल तिथे नाव घाला. कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आधी फोन करायचा. रोजच्या छोट्या मात्रेनंतर कमरेत भूल द्यायला १२ तास जावे लागतात, म्हणून शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते रोज कॅलेंडरवर लिहून ठेवा. बाळ झाल्यावर ते काही तासांनी पुन्हा सुरू करतात आणि सहा आठवडे चालू ठेवतात. अंगावर पाजताना ते चालतं. त्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून बाळंतिणीने खाटेवर पडून राहायचं ही पद्धत तुमच्यासाठी नाही. घरातल्या घरात चालत राहा, पाणी भरपूर प्या.

आणि दुसरी तपासणी निगेटिव्ह आली तर? तर एपीएसचं निदान उरत नाही आणि पावणेतीनशे इंजेक्शनांचा आग्रह मी धरणार नाही. मग सोळाव्या आठवड्याचं कारण बाकीच्या तपासण्यांमध्ये शोधायचं. एपीटीटी तरीही ५८ च राहिला असेल, तर बारावा घटक कमी आहे का ते विचारा. त्याच्या कमतरतेतही आकडा लांबतो आणि रक्त जात नाही, फक्त निरोगी प्लाझ्मा मिसळल्यावर तो आकडा खाली येतो. त्या मिश्रणाच्या तपासणीचे आकडे मिळाले तर मला जरूर कळवा.